डावीकडे नऊ, उजवीकडे पाच

बारावीच्या सहामाही परीक्षेत मी एक छोटा प्रश्न घातला होता. आम्लधर्मी द्रावणात परमँगनेट आयन फेरस आयनाचे ऑक्सिडीकरण करतो, त्याचे संतुलित आयनिक समीकरण लिहा. गुण दोन. पेपर तपासताना वर्गातल्या एका अभ्यासू मुलीचे उत्तर समोर आले:

MnO₄⁻ + 8H⁺ + Fe²⁺ → Mn²⁺ + Fe³⁺ + 4H₂O

अक्षर सुरेख, बाण सरळ, आयनांवरचे प्रभारही नीट घातलेले. मी त्यावर काट मारली आणि अर्धा गुण दिला, तो पदार्थ बरोबर ओळखल्याबद्दल. उत्तरपत्रिका वाटल्या त्या दिवशी तास संपल्यावर ती टेबलापाशी आली.

"मॅडम, मी तीनदा मोजलं. मँगनीज इकडे एक, तिकडे एक. ऑक्सिजन चार-चार. हायड्रोजन आठ-आठ. लोखंड एक-एक. मग चुकलं कुठे?"

तिची मोजणी बिनचूक होती. म्हणूनच मला हे उत्तर इतर चुकांपेक्षा महत्त्वाचे वाटते. एखाद्याने चारच्या जागी तीन पाणी लिहिले, तर ती घाईतली चूक; दाखवली की संपली. इथे मात्र मुलीने शिकवलेली कसोटी प्रामाणिकपणे लावली होती आणि समीकरण त्या कसोटीला उतरलेही होते. कसोटीच अपुरी पडली होती.

मी तिला म्हटले, "आता अणू बाजूला ठेव. फक्त प्रभारांची बेरीज कर. दोन्ही बाजूंची."

तिने पेन्सिलीने उत्तराखालीच मांडले. डावीकडे परमँगनेटचा उणे एक, आठ हायड्रोजन आयनांचे अधिक आठ, फेरसचे अधिक दोन. एकूण अधिक नऊ. उजवीकडे मँगनीजचे अधिक दोन, फेरिकचे अधिक तीन, पाण्याचा शून्य. एकूण अधिक पाच. ती थोडा वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली आणि मग तिने जे विचारले, ते मला फार आवडले. "पण मॅडम, प्रभार सारखा असायलाच हवा, असं का?"

मुले हा प्रश्न सहसा विचारत नाहीत, नियम म्हणून पाठ करतात. पाठ केलेला नियम परीक्षेच्या घाईत पहिल्यांदा निसटतो, कारण त्याच्याशिवायही समीकरण पूर्ण दिसते.

नऊचे पाच झाले, याचा अर्थ अभिक्रिया होताना धन प्रभार चारने कमी झाला. धन प्रभार कमी होण्याची एकच वाट आहे, बाहेरून ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन येणे. म्हणजे या समीकरणाप्रमाणे परमँगनेटच्या प्रत्येक आयनामागे चार इलेक्ट्रॉन कुठून तरी आले पाहिजेत. फ्लास्कला तार जोडलेली नाही, बॅटरी नाही. मग ते आले कुठून? मँगनीजला सातवरून दोनवर यायला पाच इलेक्ट्रॉन लागतात. तिच्या समीकरणात लोखंडाने दिला एक. उरलेले चार कोणी दिले, याचा जमाखर्चच नाही.

हे चार इलेक्ट्रॉन म्हणजे किती, हेही आम्ही तिथेच काढले. आमच्या प्रयोगात दशांश मोलर फेरस द्रावण दहा मिलिलिटर घेतात, म्हणजे लोखंड एक हजारांश मोल. त्या हिशेबाने न सापडणारे इलेक्ट्रॉन चार हजारांश मोल. एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार साधारण ९६,५०० कूलोंब. गुणाकार येतो ३८६ कूलोंब. आकाशातून पडणाऱ्या साधारण विजेतून जमिनीत उतरणारा प्रभार वीस-तीस कूलोंबच्या आसपास असतो. तिचे समीकरण खरे असते, तर टेबलावरच्या त्या एवढ्याशा फ्लास्कमध्ये एकाच टायट्रेशनला त्याच्या दहापटीहून जास्त प्रभार हवेतून येऊन साठला असता. द्रावण मात्र सुरुवातीला जितके विद्युतदृष्ट्या उदासीन असते, तितकेच शेवटी असते. बाटलीतला पोटॅशियम आयन आणि आम्लातला सल्फेट आयन अभिक्रियेत भाग घेत नाहीत. त्यांचा प्रभार आधीही तोच, नंतरही तोच. म्हणून ज्यांनी भाग घेतला, त्यांच्या प्रभाराची बेरीजही बदलू शकत नाही.

ही चूक रुजते कुठे, ते मला इतक्या वर्षांच्या पेपरांवरून स्पष्ट दिसते. दहावीपर्यंत मुले जी समीकरणे संतुलित करतात, ती बहुतेक सगळी उदासीन पदार्थांची असतात. मिथेन जळतो, चुनखडी तापवली की फुटते, झिंक आम्लात विरघळते. अशा समीकरणात दोन्ही बाजूंचा प्रभार शून्यच असतो, म्हणून तो कधी मोजावाच लागत नाही. अणू जुळले की काम झाले, ही सवय तिथे बरोबरच असते. अकरावीत आपण सोडियम, सल्फेट असे प्रेक्षक आयन काढून टाकतो आणि आयनिक समीकरण लिहू लागतो. त्या क्षणी प्रभार उघडा पडतो आणि मोजणीचा एक नवा रकाना उघडावा लागतो. सवय मात्र जुन्याच रकान्यांची राहते.

तिला मी आणखी एक गोष्ट करून बघायला सांगितली. "तुझ्या समीकरणात फेरसच्या आणि फेरिकच्या मागे दोन्हीकडे चार लिही. मग सात लिही. अणू जुळतात का बघ." जुळत होते. दोन लिहा, सात लिहा, शंभर लिहा, लोखंड दोन्ही बाजूंना एकटेच उभे असल्याने ते प्रत्येक वेळी जुळते. याचा अर्थ अणूंची मोजणी लोखंडाचा सहगुणक ठरवूच शकत नाही.

गणिताची आवड असलेल्या मुलांना मी हे अक्षरे घालून दाखवते, कारण त्यात प्रकरण पूर्ण उघड होते. समजा परमँगनेटचा सहगुणक a आणि फेरसचा c. मँगनीज जुळायचे तर उजवीकडे Mn²⁺ सुद्धा a. ऑक्सिजन जुळायचा तर पाणी 4a. हायड्रोजनसाठी H⁺ हवेत 8a. लोखंडासाठी Fe³⁺ हवे c. चारही मूलद्रव्ये संपली, तरी a आणि c यांचा एकमेकांशी काही संबंध जोडला गेलेला नाही. आता प्रभाराची बेरीज मांडा. डावीकडे −a + 8a + 2c, उजवीकडे 2a + 3c. सोडवले की c = 5a. पाच हा आकडा अणूंच्या चारही ओळींत कुठेच नव्हता. तो फक्त प्रभाराच्या ओळीतून निघाला.

MnO₄⁻ + 8H⁺ + 5Fe²⁺ → Mn²⁺ + 5Fe³⁺ + 4H₂O

डावीकडे उणे एक, अधिक आठ, अधिक दहा, म्हणजे सतरा. उजवीकडे दोन आणि पंधरा, सतराच. अर्धअभिक्रियांच्या पद्धतीने हेच येते. परमँगनेटच्या अर्ध्यात आधी पाणी घालून ऑक्सिजन जुळवायचा, मग H⁺ घालून हायड्रोजन, आणि शेवटी पाच इलेक्ट्रॉन घालून प्रभार. मुलांची गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवर थांबते, कारण तिथे अणू जुळलेले असतात. त्या मुलीचेही तेच झाले होते: तिने मँगनीजचा अर्धा भाग हायड्रोजनपर्यंत आणला आणि त्याला फेरस-फेरिक तसेच चिकटवले.

इथवर तिला पटले होते, पण तिच्या चेहऱ्यावर अजून एक शंका होती. एका आकड्यासाठी दीड गुण जावा का? म्हणून मी तिला प्रयोगाचे जर्नल काढायला लावले. आदल्याच आठवड्यात त्यांच्या बॅचने मोहर सॉल्ट आणि परमँगनेटचे टायट्रेशन केले होते.

मोहर सॉल्टचे मोलर वस्तुमान ३९२. ३.९२ ग्रॅम वजन करून, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल घालून, द्रावण शंभर मिलिलिटर केले की ते दशांश मोलर होते. त्यातले दहा मिलिलिटर पिपेटने कोनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचे, आणखी विरल सल्फ्युरिक आम्ल घालायचे आणि ब्युरेटमधून परमँगनेट सोडायचे. रंग येतो आणि लगेच जातो. फेरस संपले की पुढचा एक थेंब फिकट गुलाबी रंग धरून ठेवतो. वेगळा दर्शक लागत नाही. परमँगनेट इतके गडद असते की ब्युरेटमध्ये खालचा वळसा दिसत नाही, म्हणून वाचन वरच्या कडेवर घ्यायचे. तिचे वाचन होते ९.९ मिलिलिटर.

आता तिच्या समीकरणाने एकास एक धरले, तर परमँगनेटची तीव्रता येते दशांश गुणिले दहा भागिले ९.९, म्हणजे ०.१०१ मोलर. मोलर वस्तुमान १५८ धरून ते होते लिटरला जवळजवळ १६ ग्रॅम. बरोबर समीकरणाने पाचने भागायचे, म्हणजे ०.०२०२ मोलर, लिटरला सुमारे ३.१९ ग्रॅम. दोन्ही उत्तरे कागदावर तितकीच नीटनेटकी दिसतात. मी तिला आमच्या प्रयोगशाळा सहायकांकडे पाठवले. त्यांच्या वहीत द्रावण बनवल्याची नोंद असते. ती परत आली ती ३.२ ग्रॅमची नोंद वाचूनच. पाचपट फरक होता आणि तो सगळा त्या एका सहगुणकातून आला होता.

या प्रयोगाची एक मर्यादाही मी मुलांना सांगते. फ्लास्कमध्ये आम्ल कमी पडले तर गुलाबी रंगाऐवजी तपकिरी गढूळपणा येतो. तो मँगनीज डायऑक्साइडचा असतो. तेव्हा मँगनीज दोनवर न जाता चारवर थांबते आणि पाचऐवजी तीनच इलेक्ट्रॉन घेते. त्या अभिक्रियेचेही समीकरण अणू आणि प्रभार दोन्ही जुळवून लिहिता येते, त्यात लोखंडाचा सहगुणक तीन येतो. म्हणजे संतुलन हे समीकरण चुकीचे असल्याचे सिद्ध करू शकते. फ्लास्कमध्ये प्रत्यक्षात काय घडले, ते मात्र डोळ्यांनी बघावे लागते. तपकिरी गाळ दिसला की ते वाचन टाकून द्यायचे आणि आम्ल वाढवून पुन्हा करायचे. आम्लसुद्धा सल्फ्युरिकच. हायड्रोक्लोरिक घेतले तर परमँगनेट क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण करते, जास्त खर्च होते आणि वाचन फुगते.

तपकिरी गाळाचा विषय निघाला की भौतिक अवस्थांचा विषय आपोआप येतो, कारण त्या समीकरणात MnO₂ पुढे (s) लिहिले, तरच वाचणाऱ्याला कळते की इथे काही खाली बसणार आहे. कंसातली ही छोटी अक्षरे मुलांना सजावट वाटतात. त्याच परीक्षेत एका मुलाने लिहिले होते:

CH₄(g) + 2O₂(g) → CO₂(g) + 2H₂O(g), ΔH° = −890 kJ

अणू जुळतात. प्रभार दोन्हीकडे शून्य. तरी हेही चूक, आणि इथे मी पूर्ण गुण कापले. कारण ΔH लिहिला की समीकरणात आणखी एक रकाना येतो, ऊर्जेचा. २९८ केल्विनला द्रव पाण्याची निर्मिती एन्थाल्पी मोलला −२८५.८ किलोज्यूल, वाफेची −२४१.८. दोघांतला फरक ४४ किलोज्यूल, म्हणजे एक मोल पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता. मिथेनच्या ज्वलनात पाणी दोन मोल होते. कार्बन डायऑक्साइडचे −३९३.५ आणि मिथेनचे −७४.८ घालून गणित केले, तर पाणी द्रव धरल्यास −८९०.३ येतात आणि वाफ धरल्यास −८०२.३. त्या मुलाने अवस्था वाफेची लिहिली आणि आकडा द्रवाचा. ८८ किलोज्यूल कुठेच न मांडता समीकरणाच्या खिशात राहिले.

तो मुलगा म्हणाला, "मॅडम, पण गॅसवर जळतं तेव्हा पाण्याची वाफच होते ना?" होतेच. म्हणूनच त्याने (g) लिहिले होते, आणि त्याचे निरीक्षण खरे होते. पाइपने घरी येणाऱ्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेनच असतो. त्यावर थंड पाण्याचे पातेले ठेवले की सुरुवातीला बुडाशी बाहेरून दव धरते. ते ज्वलनातलेच पाणी. जिथे ते थेंब जमतात, तिथे वाफेत अडकलेली उष्णता पातेल्याला परत मिळते. पातेले तापले की दव नाहीसे होते आणि ती उष्णता वाफेबरोबर स्वयंपाकघरात निघून जाते. म्हणून शेगडीबद्दल बोलायचे तर (g) आणि −८०२ लिही, प्रमाण ज्वलन एन्थाल्पी विचारली असेल तर (l) आणि −८९०. दोन्ही समीकरणे बरोबर आहेत. एकाची अवस्था आणि दुसऱ्याचा आकडा, एवढेच चालणार नाही.

अवस्थांचे गुण कापताना मी एक भेद करते आणि तो मला योग्य वाटतो. प्रश्नात फक्त समीकरण संतुलित करा असे असेल, उष्णतेचा उल्लेख नसेल आणि मुलाने अवस्था लिहिल्याच नसतील, तर मी गुण कापत नाही. ΔH सोबत असेल, तर न लिहिणे ही अपुरी माहिती, तिथे अर्धा गुण. पण चुकीची अवस्था लिहिणे हे चुकीचे विधान आहे. तिथे सवलत नाही, कारण हेसच्या नियमाने अशी दोन-तीन समीकरणे मिळवायला घेतली की तो फरक पुढच्या प्रत्येक उत्तरात उतरतो आणि मग कुठे बिघडले, ते शोधता येत नाही.

टायट्रेशनवाली ती मुलगी काही दिवसांनी पुन्हा आली. या वेळी तिच्या वहीत परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होते आणि तिने प्रभाराची बेरीज समीकरणाखाली लिहूनच आणली होती.

2MnO₄⁻ + 6H⁺ + H₂O₂ → 2Mn²⁺ + 4H₂O + 3O₂

दोन्हीकडे अधिक चार. हायड्रोजन आठ-आठ, ऑक्सिजन दहा-दहा. "मॅडम, पुस्तकात पाच पेरॉक्साइड आहेत आणि माझं एकातच जुळतंय. प्रभारसुद्धा." मी तिला तीन पेरॉक्साइड घेऊन बघायला सांगितले. उजवीकडे सहा पाणी, चार ऑक्सिजन, जुळले. सात घेतले तर दहा पाणी आणि सहा ऑक्सिजन, तेही जुळले. अणू आणि प्रभार हे दोन्ही रकाने इथे पुरत नाहीत, कारण पेरॉक्साइड स्वतःच फुटून पाणी आणि ऑक्सिजन देऊ शकते. ती उदासीन अभिक्रिया कुठल्याही प्रमाणात मूळ समीकरणात मिसळली, तरी बेरजा हलत नाहीत.

"मग पाचच कशावरून?" तिने विचारले.

मी तिला इलेक्ट्रॉनांच्या मागे जायला सांगितले. पेरॉक्साइडचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो आणि ऑक्सिजनचा एक रेणू होतो. दोन परमँगनेटना हवेत दहा. म्हणजे पेरॉक्साइड पाच आणि ऑक्सिजनही पाच. तिच्या समीकरणात पेरॉक्साइड एक आणि ऑक्सिजन तीन होते. जास्तीचे दोन रेणू परमँगनेटच्याच ऑक्सिजनातून आले असे मानावे लागते, आणि तसे होत नाही. ऑक्सिजन-१८ ने खूण केलेले पेरॉक्साइड घेऊन केलेल्या प्रयोगांत बाहेर पडणारा वायू पेरॉक्साइडमधलाच असल्याचे दिसले आहे. तिने एक, तीन, पाच आणि सात या चारही समीकरणांत पेरॉक्साइडचा आकडा आणि ऑक्सिजनचा आकडा शेजारीशेजारी लिहिला. एक आणि तीन, तीन आणि चार, पाच आणि पाच, सात आणि सहा. पाचच्या ओळीखाली तिने रेघ मारली आणि लगेच विचारले की आमच्या लॅबमधल्या पेरॉक्साइडच्या बाटलीची तीव्रता याच समीकरणाने काढता येईल का. येते. पुढच्या प्रॅक्टिकलला त्यांच्या बॅचने तेच केले.